म्यूट केलेला मेल जातो कुठे, आणि परत कसा आणायचा

प्रश्न: नमस्कार सर, मी मुलुंडला राहते. सोसायटीच्या पार्किंगवरून सगळे सभासद मेलवर ‘रिप्लाय ऑल’ करत सुटलेत. अर्काइव्ह केलं की तोच ट्रेल परत इनबॉक्समध्ये येतो. मग म्यूट केलं, तर दोन दिवस शांत आणि नंतर पुन्हा सुरू. त्यात नणंदेबरोबरचा हॉलच्या बुकिंगचा ट्रेल कुठेतरी गायब झालाय. तोही चुकून म्यूट झाला असेल का? आणि या सगळ्यात सभेची नोटीस चुकली तर? जीमेल वापरते, लॅपटॉपवर आणि अँड्रॉइड फोनवर.

उत्तर:

ताई, तुमचे सगळे प्रश्न एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात, त्यामुळे आधी ती गोष्ट सांगतो. मग बटणं कुठली दाबायची ते आपोआप लक्षात राहील. मी फोर्टातल्या कार्यालयांमध्ये मेलची व्यवस्था बघण्यात बरीच वर्षं घालवली आहेत आणि लोक म्यूटला घाबरतात किंवा त्यावर नको तितका भरवसा ठेवतात, ते बहुतेक वेळा हे एवढंच माहीत नसल्यामुळे.

जीमेलमध्ये इनबॉक्स हा मेल ठेवायचा खण नाही. तुमचे सगळे मेल एकाच मोठ्या जागी असतात, तिचं नाव All Mail. इनबॉक्स ही त्या मेलवर चिकटवलेली एक चिठ्ठी आहे. अर्काइव्ह केलं की ती चिठ्ठी निघते, मेल जागच्या जागी राहतो. पण त्याच ट्रेलवर कुणाचं नवं उत्तर आलं, की जीमेल त्याला नव्याने इनबॉक्सची चिठ्ठी लावतं आणि त्याच्याबरोबर अख्खा ट्रेल वर येतो. तुम्ही अर्काइव्ह करताय, दुसऱ्या मजल्यावरचे काका उत्तर देताहेत, ट्रेल पुन्हा वर. अर्काइव्ह बिघडलेलं नाही, त्याचं काम तेवढंच आहे.

म्यूट केलं की दोन गोष्टी होतात. ट्रेल अर्काइव्ह होतो आणि त्या ट्रेलवर एक सूचना कायमची लागते, की यापुढे यावर काहीही आलं तरी इनबॉक्सची चिठ्ठी लावू नकोस. नवी उत्तरं येतच राहतात, न वाचलेली म्हणून ठळक अक्षरांतच येतात, पण सरळ All Mail मध्ये जाऊन बसतात. काहीही पुसलं जात नाही. बाकीच्या सभासदांनाही तुम्ही म्यूट केल्याचं कळत नाही आणि त्यांच्या यादीतून तुमचा पत्ता निघत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या म्यूटची सवय असल्याने इथे हमखास गोंधळ होतो. तिथे ग्रुप म्यूट केला तर फक्त आवाज बंद होतो, ग्रुप यादीत डोळ्यासमोर राहतो, आणि 8 तास, 1 आठवडा की कायमचं हे विचारलं जातं. जीमेल असं काही विचारत नाही. इथे मुदत नाही, तुम्ही स्वतः काढेपर्यंत म्यूट चालू राहतं, आणि गोष्ट डोळ्यासमोरून पूर्ण जाते. म्हणून जीमेलचं म्यूट जास्त उपयोगी आहे आणि तितकंच जास्त जपून वापरायचं आहे.

करायचं कसं ते तुम्हाला जमलंय, तरी एकदा नीट सांगतो. लॅपटॉपवर ट्रेल उघडायचा, वरच्या पट्टीतल्या तीन उभ्या टिंबांवर क्लिक करायचं आणि Mute निवडायचं. ट्रेल न उघडता यादीतच त्यावर उजवं क्लिक केलं तरी Mute मिळतं. फोनवर जीमेल अ‍ॅपमध्ये ट्रेल उघडून वर उजवीकडच्या तीन टिंबांतून तेच. लगेच खाली एक छोटी पट्टी येते, तिच्यावर Undo लिहिलेलं असतं. चुकीचा ट्रेल म्यूट झाला असं त्याच क्षणी लक्षात आलं, तर Undo दाबायचं, विषय संपला. ती पट्टी काही सेकंदांत निघून जाते. त्यानंतर उलटायचं असेल तर थोडं चालावं लागतं, ते पुढे सांगतो.

लॅपटॉपवर केलेलं म्यूट फोनवरही लागू होतं, कारण ही सूचना जीमेलच्या खात्यात नोंदली जाते, यंत्रात नाही. मुलुंडहून सीएसएमटीला येताना गाडीत फोनवर म्यूट केलंत तर कार्यालयात लॅपटॉप उघडल्यावर तो ट्रेल इनबॉक्समध्ये नसेल.

दोन दिवसांनी तो परत का आला

जीमेल एकाच ट्रेलमध्ये कितीही उत्तरं जोडत नाही. 100 मेलपेक्षा जास्त झाले की तो ट्रेल तिथे थांबतो आणि पुढचं उत्तर, विषय तोच असला तरी, नव्या ट्रेलमध्ये जातं. तुमचं म्यूट जुन्या ट्रेलवर होतं. नव्या ट्रेलला ते माहीत नाही, म्हणून तो सरळ इनबॉक्समध्ये उतरला.

हिशेब करून बघा. समजा तुमच्या इमारतीत 48 घरं आहेत. सचिवांचा पहिला मेल, आणि प्रत्येक घरातून फक्त दोन-दोन उत्तरं, म्हणजे 96. झाले 97. पार्किंगसारख्या विषयावर कोणी दोन उत्तरांवर थांबत नाही, त्यामुळे दिवसाला वीस मेलच्या वेगाने शंभर गाठायला आठवडासुद्धा लागत नाही. तुम्ही म्यूट केलंत तेव्हा बहुधा साठ-सत्तर मेल आधीच झाले होते, उरलेले तीस-चाळीस दोन दिवसांत गुपचूप भरले आणि तिसऱ्या दिवशी नवा ट्रेल सुरू झाला. तपासायचं असेल तर दोन्ही ट्रेल शोधून त्यांच्या नावांशेजारचा आकडा बघा. जुन्याचा आकडा शंभरावर येऊन अडकलेला दिसला, की कारण हेच.

दुसरं कारण विषयाची ओळ. कोणी उत्तर देताना विषय बदलला, समजा ‘पार्किंग वाटप’चं ‘पार्किंग वाटप – माझा आक्षेप’ केलं, तर तो जीमेलच्या दृष्टीने नवा ट्रेल होतो. नुसतं पुढे Re: लागल्याने असं होत नाही. आणि कोणी जुन्या मेलवर उत्तर न देता कोरा मेल लिहून सगळ्यांना पाठवला, तर तोही वेगळाच. तुमच्या आकड्यांत शंभर भरलेले नसतील तर विषयाच्या ओळी शब्द न् शब्द ताडून बघा, कुठेतरी फरक सापडेल.

यावर उपाय म्हणून अनेकजण फिल्टर सुचवतात, म्हणजे विषयात ‘पार्किंग’ असलेला प्रत्येक मेल इनबॉक्स टाळून जाईल असा नियम. माझं मत याच्या विरुद्ध आहे. फिल्टर शंभराच्या मर्यादेत अडकत नाही हे खरं, पण तो भांडण आणि निर्णय यांत फरक करत नाही. उद्या सचिवांनी ‘पार्किंग वाटपाची सोडत – रविवारी’ असा स्वतंत्र मेल पाठवला तर तोही त्यात बुडेल, आणि फिल्टर लावल्याचं सहा महिन्यांनी तुम्हाला आठवणारही नाही. म्यूट एका ट्रेलपुरतं असतं हाच त्याचा गुण आहे. नवा ट्रेल वर आला तर एक नजर टाका, तीच भांडणं असतील तर तोही म्यूट करा. आठवड्यातून एकदा तीन टिंबं दाबायला लागली तर ती किंमत फार नाही.

नणंदेचा ट्रेल

हो, तो चुकून म्यूट झालेला असण्याची शक्यता भरपूर आहे, आणि माझ्या अनुभवात याचं एक कारण पुन्हा पुन्हा सापडतं. जीमेलमध्ये कीबोर्डची शॉर्टकट बटणं आपण होऊन चालू केलेली नसतील तर ती बंद असतात. पण कोणीतरी, अनेकदा कार्यालयातला मदत करणारा सहकारी, ती चालू करून देतो. मग नुसतं m दाबलं की उघडा असलेला ट्रेल म्यूट होतो. उत्तराच्या चौकटीत क्लिक झालेलं नसतं, तुम्हाला वाटतं आपण मजकूर टाइप करतोय, आणि ‘Mala’ लिहायला घेतलेलं पहिलं अक्षरच ट्रेल घेऊन जातं. खालची Undo ची पट्टी आली कधी आणि गेली कधी हे कळतही नाही, कारण नजर कीबोर्डवर असते.

तुमच्याकडे हे चालू आहे का ते बघायला वरच्या गिअरच्या चित्रावर क्लिक करा, See all settings उघडा, General मध्येच खाली Keyboard shortcuts अशी ओळ आहे. तिथे Keyboard shortcuts on निवडलेलं असेल आणि तुम्ही ती बटणं वापरत नसाल, तर off करा आणि पान तळापर्यंत नेऊन Save Changes दाबा. ते न दाबता बाहेर पडलात तर काहीच बदलत नाही, आणि ही चूक फार जण करतात.

आता हरवलेला ट्रेल. जीमेलच्या शोधाच्या चौकटीत हे टाइप करा:

```
is:muted
```

कोलनच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही. आतापर्यंत म्यूट केलेले सगळे ट्रेल यादीत येतील, पार्किंगचे दोन्ही आणि नणंदेचा असला तर तोही. यादी लांबलचक निघाली तर सोबत एखादा शब्द जोडा, जो त्या मेलमध्ये नक्की असेल:

```
is:muted hall
```

नणंदेने मराठीत लिहिलं असेल तर ‘हॉल’ शोधा, आणि शब्द मेलमध्ये जसा आहे तसाच लिहा. जीमेल शब्दाच्या तुकड्यावरून शोधत नाही, आणि मराठीत ‘हॉल’चं ‘हॉलचं’, ‘हॉलला’ होतं, ‘सभा’चं तर ‘सभेची’ होतं. एका रूपाने सापडलं नाही म्हणून मेल नाही असं समजू नका, दुसऱ्या रूपाने शोधा. त्यापेक्षा सोपं म्हणजे तिच्या पत्त्यावरूनच शोधणं: `is:muted from:` आणि लगेच तिचा मेल पत्ता.

ट्रेल सापडला की तो उघडा. विषयाच्या शेजारी Muted अशी चिठ्ठी दिसेल, तीच तुमची खात्री. आता पुन्हा तीन टिंबं, आणि या वेळी त्यात Mute च्या जागी Unmute असेल. ते दाबा.

इथे बरेच लोक थांबतात आणि मग म्हणतात की अनम्यूट केलं तरी मेल इनबॉक्समध्ये दिसत नाही. अनम्यूट करणं म्हणजे ट्रेलवरची सूचना काढून घेणं. यापुढे येणारं उत्तर इनबॉक्समध्ये येईल. पण म्यूट करताना जी इनबॉक्सची चिठ्ठी निघाली होती, ती त्याने परत लागत नाही. ट्रेल अर्काइव्ह केलेलाच राहतो. म्हणून दुसरं पाऊल स्वतंत्रपणे उचलायचं: त्याच ट्रेलवर Move to inbox दाबायचं. फोनवर तेही तीन टिंबांमध्ये मिळतं. या दोन्ही गोष्टी केल्यावर इनबॉक्स उघडून बघा, ट्रेल त्याच्या शेवटच्या मेलच्या तारखेच्या जागी दिसेल. नणंदेचा शेवटचा मेल तीन आठवड्यांपूर्वीचा असेल तर तो सगळ्यात वर नसेल, खाली त्या तारखेला असेल. ‘आला नाही’ असं वाटण्याचं हे आणखी एक कारण.

`is:muted` मध्ये तो ट्रेल निघालाच नाही, तर मग तो म्यूट नव्हताच. नुसत्या पत्त्याने शोधा. विषयाशेजारी कुठलीच चिठ्ठी नसेल तर तो फक्त अर्काइव्ह झालाय. तरीही सापडला नाही तर डावीकडच्या यादीत Trash उघडून बघा, आणि हे लवकर करा, कारण जीमेल Trash मधले मेल 30 दिवसांनी कायमचे काढून टाकतं.

नोटीस चुकू नये म्हणून

तुमची ही धास्ती रास्त आहे, आणि मला स्वतःला त्याचा फटका बसलेला आहे. आमच्या इमारतीतही गळतीवरून असाच ट्रेल पेटला होता. मी पहिल्याच आठवड्यात तो म्यूट केला. पंधरा दिवसांनी सचिवांनी शनिवारी टाकी साफ करायची असल्याने दिवसभर पाणी बंद राहील, हे कळवलं. कळवलं कसं? सगळ्यांचे पत्ते नव्याने घालायला नकोत म्हणून त्याच गळतीच्या जुन्या ट्रेलवर ‘रिप्लाय ऑल’ करून. विषय गळतीचा, मजकूर पाण्याचा. माझ्याकडे तो मेल आला होता, न वाचलेला, All Mail मध्ये. शनिवारी सकाळी आई अंघोळीला गेली आणि नळ कोरडा. तिचं वय 78. शेजाऱ्यांनी भरून ठेवलेल्या बादल्या आम्ही उसन्या आणल्या. त्या दिवसापासून मी म्यूट करणं सोडलेलं नाही, पण म्यूट करायच्या आधी एक काम नेहमी करतो.

ते काम म्हणजे सचिवांच्या पत्त्यावर एक फिल्टर. मघाशी ज्याला मी नको म्हटलं तो मेल लपवणारा फिल्टर होता. हा मेल वर काढणारा आहे. म्यूट फक्त इनबॉक्सची चिठ्ठी अडवतं. फिल्टर येणाऱ्या प्रत्येक मेलवर चालतो आणि त्याला दुसरी चिठ्ठी लावू शकतो, मग तो मेल म्यूट केलेल्या ट्रेलमधला का असेना.

फिल्टर लॅपटॉपवरच बनवता येतो, फोनच्या अ‍ॅपमध्ये ती सोय नाही. शोधाच्या चौकटीच्या उजव्या टोकाला असलेल्या चित्रावर क्लिक करा, एक छोटा फॉर्म उघडेल. From मध्ये सोसायटीचा किंवा सचिवांचा मेल पत्ता घाला, बाकी सगळं रिकामं ठेवा, खाली Create filter दाबा. पुढच्या पानावर Apply the label समोर खूण करून नवं लेबल बनवा, नाव द्या ‘सोसायटी-सचिव’. Never send it to Spam वरही खूण करा. Skip the Inbox ला हात लावू नका. मग पुन्हा Create filter.

From शिवाय बाकी काही घालू नका हे मुद्दाम सांगतोय. हुशारी करून ‘सभा’, ‘नोटीस’ असे शब्द घालावेसे वाटतात. पण प्रत्येक उत्तराखाली आधीचे मेल जोडून आलेले असतात आणि त्यात हे शब्द असतातच, त्यामुळे गाळणी होत नाही. उलट, सचिवांनी ‘सभेबाबत’ लिहिलं आणि तुम्ही ‘सभा’ घातलं असेल तर नेमका हवा तो मेल निसटायचा. पत्ता चुकत नाही. फक्त सचिव बदलले की फिल्टरमधला पत्ता बदलायचा. समितीची निवडणूक झाल्यावर हे आठवणीने करा.

आता डावीकडच्या यादीत ‘सोसायटी-सचिव’ हे लेबल दिसेल आणि त्यात न वाचलेला मेल असला की नाव ठळक होऊन पुढे आकडा येईल. पार्किंगच्या ट्रेलवर वीस जण भांडले तरी तो आकडा हलणार नाही, सचिवांनी लिहिलं की हलेल. फोनवर त्याची सूचनाही वाजावी असं वाटत असेल, तर अँड्रॉइडच्या जीमेल अ‍ॅपमध्ये Settings, मग तुमचं खातं, मग Manage labels असं जाऊन ते लेबल निवडा, आधी Sync messages मध्ये Last 30 days करा आणि मग त्या लेबलच्या सूचना चालू करा. सिंक न करता सूचनांचा पर्याय वापरता येत नाही, तिथे अडलात तर हेच कारण असेल.

एखादं उत्तर थेट तुम्हालाच उद्देशून असलं तर म्यूट असूनही ते वर येईल, अशा भरवशावर मात्र राहू नका. तुमच्याच गाडीच्या जागेचा वाद असेल, तुम्हाला उत्तर द्यावं लागणार असेल, तर तो ट्रेल म्यूट करण्याजोगा नाही. तो अर्काइव्ह करत राहा, त्रास सोसून.

जमलं तर सचिवांशीही बोला. तक्रार म्हणून नको, विनंती म्हणून: नोटीस जुन्या मेलवर उत्तर म्हणून पाठवू नका, कोरा मेल घ्या आणि विषयात ‘नोटीस’ आणि तारीख लिहा. त्यांना पत्ते पुन्हा घालायचा कंटाळा असतो, म्हणून त्यांच्या खात्यात सगळ्या सभासदांचे पत्ते एका नावाखाली साठवून द्या. दहा मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे हे केल्यापासून नोटीस जुन्या ट्रेलमध्ये गेलेली नाही, आणि ज्यांनी म्यूटचं नावही ऐकलेलं नाही अशा सभासदांनाही ती सापडायला लागली.

वेळेचंही भान ठेवा. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नोटीस कधीही पडू शकते. त्या महिन्यात दर रविवारी एकदा `is:muted` उघडून ठळक अक्षरांतल्या ट्रेलमधले शेवटचे दोन-तीन मेल नजरेखालून घाला. एरवी महिन्यातून एकदा पुरे.

जीमेल सोडून दुसरीकडे

तुम्ही कार्यालयात आउटलुक वापरत असाल तर हे सांगणं भाग आहे, कारण तिथे चूक महागात पडते. विंडोजवरच्या जुन्या आउटलुकमध्ये याच जागी Ignore नावाचं बटण असतं, Ctrl आणि Delete एकत्र दाबलं तरी तेच होतं. ते ट्रेल बाजूला ठेवत नाही. आत्तापर्यंतचे आणि यापुढचे सगळे मेल Deleted Items मध्ये टाकतं. आउटलुक बंद करताना Deleted Items रिकामं करायचं असं तुमच्याकडे लावलेलं असेल, तर ते मेल रोज संध्याकाळी पुसले जातील. परत आणायचं तर Deleted Items मधून तो ट्रेल उघडून पुन्हा Ignore दाबायचं आणि Stop Ignoring Conversation निवडायचं. जे पुसलं गेलं नाही तेवढंच परत येईल. कामाच्या ट्रेलसाठी मी हे बटण वापरू नका असंच सांगतो.

घरात कोणाकडे आयफोन असेल आणि ते अ‍ॅपलच्याच मेल अ‍ॅपमध्ये म्यूट करत असतील, तर तिथला अर्थ व्हॉट्सअ‍ॅपच्या जवळ जातो. सूचना वाजत नाही, पण मेल इनबॉक्समध्ये येतच राहतो. Settings मध्ये Apps, त्यात Mail आणि तिथे Muted Thread Action आहे, तिथे Archive or Delete निवडलं तर मग तो इनबॉक्समधून जातो. आणि तिथलं म्यूट जीमेलला कळत नाही. उलट बाजूने मात्र चालतं: जीमेलमध्ये म्यूट केलेल्या ट्रेलची उत्तरं आयफोनच्या इनबॉक्समध्येही दिसत नाहीत.

तर आज रात्री बसलात की आधी `is:muted` उघडा. नणंदेचा ट्रेल असेल तर Unmute आणि मग Move to inbox. त्यानंतर सचिवांच्या पत्त्याचा फिल्टर. तो झाल्यावरच पार्किंगचा नवा ट्रेल म्यूट करा. वाटप ठरल्याचा मेल ‘सोसायटी-सचिव’मध्ये आला, की पार्किंगचे ट्रेल अनम्यूट करून टाका, Move to inbox करायची गरज नाही. ते All Mail मध्येच राहू देत. सहा महिन्यांनी कोणी विचारलं की तेव्हा नक्की काय ठरलं होतं, तर सगळ्यांची उत्तरं तारखेसकट तुमच्याकडे असतील.